सड्याआडचा सूर्य: प्लॉटवर सकाळचं ऊन कधी येतं, ते मोजून घराची जागा ठरवताना

रत्नागिरी तालुक्यात किनाऱ्यालगत पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे. पूर्व-पश्चिम २० मीटर, दक्षिण-उत्तर २५ मीटर. पश्चिमेला रस्ता आणि रस्त्यापलीकडे खाली माडांची वाडी. पूर्वेला शेजाऱ्यांचं माडीचं कौलारू घर आणि त्यांच्यामागे सडा, म्हणजे जांभ्याचं कातळी पठार, चढत जातो. घराचा पहिला आराखडा तयार होता: स्वयंपाकघर आग्नेयेला, पूर्वेला मोठी खिडकी. प्रश्न एकच होता, की त्या खिडकीत डिसेंबर-जानेवारीत सकाळचं ऊन खरंच येणार का, आणि येणार तर किती वाजता. कोकणात पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसण्याची वानवाच असते. भिंतींची ओल वाळते ती दिवाळीनंतर. म्हणून थंडीतलं ऊन नेमकं कुठे पडतं ते आधी पाहायचं ठरलं.

शेजारच्या काकांचं म्हणणं सरळ होतं. "अहो, सूर्य पूर्वेलाच उगवतो ना? मग पूर्वेला खिडकी ठेवा नि मोकळे व्हा." हे वाक्य वर्षातल्या दोन दिवसांपुरतं खरं आहे. २२ डिसेंबरला आमच्या अक्षांशावर सूर्य पूर्वेच्या जवळपास २४ अंश दक्षिणेला उगवतो आणि वर चढता चढता आणखी दक्षिणेकडे सरकतो. म्हणजे थंडीतल्या उन्हाला अडवणारी वस्तू पूर्वेला शोधायची नसते, आग्नेयेला शोधायची असते. आमच्या आराखड्यातली चूक पुढे इथेच सापडली.

नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. सातबारा, चतुःसीमा आणि चलन जोडलं. मोजणीची तारीख डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली मिळाली. प्लॉट भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या बाहेर असल्याने किनारी नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा, प्रश्न नव्हता. मधले सहा आठवडे रिकामे होते, ते या कामाला लागले. एक सूचना इथेच: हे गणित बांधकाम परवानगीचा नकाशा दाखल करण्याआधी करा. नकाशा मंजूर झाल्यावर घर सात मीटर सरकवायचं म्हणजे सुधारित नकाशा आणि पुन्हा तोच फेरा.

आधी खरी उत्तर दिशा

मोबाइलमधल्या होकायंत्रावर पहिल्यांदा दिशा घेतली तेव्हा हद्दीच्या दगडी गडग्याच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला वेगवेगळी उत्तर आली. लोखंडी फाटक, उभी दुचाकी, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, जवळचा सळ्यांचा ढीग, यातलं काहीही काटा सरकवतं. जांभ्याखालच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिज असतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्या आत आहे, त्याची काळजी नको. काळजी या स्थानिक गडबडीची.

म्हणून १५ डिसेंबरला, रविवारी, शंकूची जुनी पद्धत वापरली. एक मीटर उंचीचा पाइपचा तुकडा ओळंब्याने अगदी सरळ उभा केला. भोवतालची जमीन दीड-दोन मीटरपर्यंत पाण्याच्या नळीने समपातळीत करून घेतली. सकाळी १०:३२ ला सावलीच्या टोकाशी खुंटी ठोकली. सावली १ मीटर १८ सेंटिमीटर भरली. पाइपाच्या बुंध्याशी दोरी बांधून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ जमिनीवर आखलं. सावली दुपारपर्यंत आखडत गेली, मग पुन्हा लांबत २:३२ च्या सुमारास तिचं टोक वर्तुळाला टेकलं. तिथे दुसरी खुंटी. दोन खुंट्यांना जोडणारी रेघ म्हणजे खरी पूर्व-पश्चिम. तिला काटकोन काढला की उत्तर.

माध्यान्हीची सावली धरून थेट उत्तर काढायचा मोह होतो, पण त्या वेळी थंडीत सूर्याची दिशा मिनिटाला एक तृतीयांश अंशाने सरकते. घड्याळात तीन मिनिटांची चूक झाली की उत्तर एका अंशाने चुकते. समान सावल्यांच्या पद्धतीत घड्याळ लागतच नाही. सकाळच्या खुणेनंतर पाइप हलता कामा नये, एवढंच सांभाळायचं.

या रेघेशी ताडून पाहिल्यावर होकायंत्र फाटकाजवळ ६ अंश चुकत होतं. सहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. आमच्या जागी तेवढ्याने शेजारच्या घराच्या सावलीची कड भिंतीवर एक-दोन मीटर इकडची तिकडे होत होती. खिडकी सावलीत की उन्हात, हेच त्यावर ठरणार होतं.

घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ

सूर्याची जागा काढायला तीन गोष्टी लागतात: अक्षांश, त्या दिवशीची क्रांती, आणि कालकोन. अक्षांश १७ अंश उत्तर. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे तो कोन. २२ डिसेंबरला उणे २३.४४, २१ मार्चला शून्याच्या जवळ. कालकोन म्हणजे सूर्य माध्यान्हापासून किती दूर आहे, ताशी १५ अंशांनी.

पहिली घसरण इथे होते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि प्लॉट ७३.३ अंशांवर. फरक ९.२ अंशांचा, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३६.८ मिनिटं. शिवाय कालसमीकरण असतं: पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने सूर्य कधी घड्याळाच्या पुढे जातो, कधी मागे राहतो. २२ डिसेंबरला तो पावणेदोन मिनिटांच्या आसपास पुढे, २१ मार्चला सुमारे सव्वासात मिनिटं मागे. म्हणून आमच्याकडे सूर्याचे बारा डिसेंबरात घड्याळाच्या १२:३५ ला वाजतात आणि मार्चमध्ये १२:४४ ला. हा फरक न धरता "सकाळी ९ म्हणजे माध्यान्हाआधी ३ तास" असं मांडलं, तर डिसेंबरात सूर्य खऱ्यापेक्षा सुमारे ७ अंश वर दाखवला जातो आणि सावली जवळपास चतुर्थांशाने आखूड निघते. उत्तर दिसायला अगदी रास्त वाटतं, म्हणूनच चूक ध्यानात येत नाही.

पडताळ्याचा सोपा मार्ग माध्यान्हीची सावली. १५ डिसेंबरला एक मीटरच्या शंकूची सर्वांत आखूड सावली ८५ सेंटिमीटर यायला हवी होती, १२:३२ ला. आली तेवढीच. यानंतर पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

गणित स्प्रेडशीटमध्ये केलं. B1 मध्ये अक्षांश, B2 मध्ये क्रांती, B3 मध्ये कालकोन. B4 मध्ये उन्नतांश येतो, म्हणजे क्षितिजापासून सूर्याची उंची. B5 मध्ये दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेली दिशा.

```
B4: =DEGREES(ASIN(SIN(RADIANS(B1))*SIN(RADIANS(B2))
    +COS(RADIANS(B1))*COS(RADIANS(B2))*COS(RADIANS(B3))))
B5: =DEGREES(ACOS((SIN(RADIANS(B2))-SIN(RADIANS(B4))*SIN(RADIANS(B1)))
    /(COS(RADIANS(B4))*COS(RADIANS(B1)))))
```

RADIANS विसरलं की सूर्य भरदुपारीही क्षितिजाखाली जातो, ती चूक लगेच कळते. दुसरी चूक लपून राहते: ACOS फक्त ० ते १८० अंश देतो. सकाळसाठी ते ठीक, दुपारनंतरचा दिगंश मात्र ३६० मधून वजा करून घ्यावा लागतो. हे सगळं नको असेल तर NOAA Solar Calculator या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकून क्रांती, कालसमीकरण, दिगंश सगळं तयार मिळतं. फक्त तिथे जागतिक वेळेपासूनचा फरक साडेपाच तासांचा आहे ना, ते बघा. आम्ही दोन्ही करून ताडून पाहिलं.

२२ डिसेंबरची सकाळ अशी निघाली:

| घड्याळ | दिगंश | उन्नतांश | १ मीटर उंचीची सावली |
|---|---|---|---|
| ८:०० | ११९° | ११.६° | ४.८५ मी |
| ८:३० | १२२° | १७.८° | ३.११ मी |
| ९:०० | १२६° | २३.७° | २.२७ मी |
| ९:३० | १३०° | २९.४° | १.७८ मी |
| १०:०० | १३६° | ३४.६° | १.४५ मी |

सावलीची लांबी म्हणजे वस्तूची उंची भागिले उन्नतांशाचा टॅन्जंट. सावली पडते ती दिगंशाच्या बरोबर उलट दिशेला, म्हणजे थंडीच्या सकाळी वायव्येकडे.

सडा किती ऊन खातो

पंचांगातला सूर्योदय मोकळ्या क्षितिजाचा असतो. आमच्या इथे २२ डिसेंबरला तो ७:०२ च्या सुमाराचा. पण समोर सडा आहे. त्यामुळे सूर्य ज्या दिशेला असेल त्या दिशेला सड्याची कड किती अंश वर दिसते, ते मोजणं हेच निम्मं काम.

साधन घरगुती. शाळेतला मोठा अर्धवर्तुळाकार कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली शीतपेयाची नळी, मध्यबिंदूतून सोडलेला दोरा आणि त्याला एक नट. नळीतून सड्याची कड बघायची, दोरा स्थिर झाला की दुसऱ्याने आकडा वाचायचा. ९० मधून वजा केला की उंचीचा कोन. वाऱ्यात दोरा हलतो म्हणून प्रत्येक दिशेला पाच वाचनं घेऊन सरासरी काढली. नळीतून सूर्याकडे कधीही बघू नका. हे काम सूर्य डोक्यावर असताना किंवा कलल्यावर करा. कोनमापक, दोरा, पाइप, खुंट्या धरून सगळा खर्च ४०० रुपयांच्या आत आला.

शंकूच्या रेघेवरून दर ५ अंशांवर दिशा आखली आणि सड्याची कड वाचली. ठीक पूर्वेला ८ अंश, कारण तिथून पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, उतरतो आणि सड्याला खाच पडली आहे. दक्षिणेकडे सरकावं तशी कड चढत जाते: १०५ अंशांवर ११, ११५ वर १५, १२० वर १६. पुढे १३० वर पुन्हा १२. नेमकी थंडीतल्या सूर्याच्या वाटेवरच ती सर्वांत उंच आहे.

एका वेगळ्या मार्गानेही पाहिलं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. त्यावरून सड्याची कड प्लॉटपेक्षा अंदाजे ५५ मीटर उंच आणि २०० मीटर लांब दिसते. ५५ भागिले २०० चा कोन १५.४ अंश. अंदाजी आकड्यांसाठी एवढा मेळ पुरेसा.

आता दोन गोष्टी एकमेकींवर ठेवायच्या. डिसेंबरात ८ वाजता सूर्य ११.६ अंशांवर, कड जवळपास १६ वर. ८:३० ला सूर्य १७.८ वर, म्हणजे कडेच्या वर. सूर्य अर्ध्या तासात सव्वासहा अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा तो ८:२० च्या सुमारास बाहेर येतो. पंचांगातल्या सूर्योदयानंतर सव्वा तासाहून जास्त. मार्चमध्ये सूर्य जवळजवळ पूर्वेच्या खाचेतूनच येतो, तिथे कड साडेआठ अंशांची, म्हणून ७:२० लाच ऊन. एकाच सड्यामागून डिसेंबर आणि मार्च यांत एक तासाचा फरक.

शेजाऱ्यांचं आढं आणि पागोळी

शेजाऱ्यांच्या घराचं आढं दक्षिणोत्तर आहे. आमच्या दक्षिण हद्दीच्याही बऱ्याच दक्षिणेकडून ते उत्तरेकडे येतं आणि त्या हद्दीच्या उत्तरेला १२ मीटरवर संपतं. काकांनी स्वतः टेप धरला, त्यामुळे आढ्याचं आडवं अंतर पक्कं मिळालं: आमच्या पूर्व हद्दीपासून ६ मीटर, आणि आमच्याकडच्या पागोळीची कड २ मीटर.

उंची कुठून धरायची, यात बरेचजण फसतात. जमिनीपासूनची उंची कामाची नाही. ऊन खिडकीच्या उंबऱ्यावर हवं आहे, आणि आमचं जोतं ६० सेंटिमीटर व त्यावर उंबरा ९० सेंटिमीटर, म्हणजे जमिनीपासून दीड मीटर. उभ्या माणसाचा डोळाही साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. म्हणून आमच्या हद्दीच्या ९ मीटर आत उभं राहून कोन घेतला की तो थेट उंबऱ्यापासूनचाच. आढं १५ मीटरवर साडेचोवीस अंश, म्हणजे ६.८ मीटर. पागोळी ११ मीटरवर २२ ते साडेबावीस, म्हणजे साडेचार मीटर. इथे एका अंशाच्या चुकीने उंची वीस-तीस सेंटिमीटर चुकते, तेवढं चालतं.

पहिल्या गणितात फक्त आढं धरलं होतं, कारण उंच तेच. भिंत हद्दीपासून ३ मीटर आत असेल तर आढं ९ मीटरवर ६.८ मीटर उंच, आणि सूर्य त्याच्यावर ९:३२ ला येतो. बरं वाटलं. मग पागोळी तपासली: ५ मीटरवर साडेचार मीटर. गुणोत्तर ०.९, आढ्याचं ०.७६. म्हणजे त्या खिडकीतून बघणाऱ्याला पागोळीच आढ्याच्या वर दिसणार, आढं तिच्यामागे दडणार. पागोळीवरून ऊन यायला ९:५० होतात. अठरा मिनिटं आणखी गेली. यातला नियम सोपा आहे. तुमच्या खिडकीपासून आढ्याचा कोन छपराच्या उतारापेक्षा जास्त असेल, तर पागोळी अडवते. कमी असेल, तर आढं. शेजाऱ्यांच्या छपराचा उतार ३० अंशांचा आहे. जवळ उभं राहिलं की पागोळी, लांब गेलं की आढं.

इथे सावलीची नुसती लांबी वापरून चालत नाही. ती तिरकी पडते, म्हणून तिचे दोन भाग करावे लागतात. डिसेंबरात ९ वाजता आढ्याची सावली ६.८ गुणिले २.२७, म्हणजे साडेपंधरा मीटर. पण दिगंश १२६ असल्यामुळे तिच्यातले साडेबारा मीटर पश्चिमेकडे जातात आणि नऊ मीटर उत्तरेकडे. पश्चिमेचा भाग सांगतो की सावली भिंतीपर्यंत पोचते का. उत्तरेचा भाग सांगतो की भिंतीवर ती कुठे पडते. हाच दुसरा भाग आमचा निर्णय करून गेला.

मूळ आराखड्यातली खिडकी दक्षिण हद्दीपासून ७ मीटरवर होती. तिच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचं सबंध घर. डिसेंबरात ९:५० पर्यंत सावली, मार्चमध्येही साडेनऊच्या पुढेपर्यंत.

आढ्याच्या उत्तर टोकाची सावली आमच्या भिंतीवर उत्तरेकडे सरकत जाते. ८:२० ला, सूर्य सड्यावर येतो त्या क्षणी, तिची कड दक्षिण हद्दीपासून साडेसतरा मीटरवर. ९ ला साडेअठरा. ९:३२ ला १९.७. त्यानंतर आढ्याचं काम संपतं आणि पागोळीची सावली त्याच्या आतच राहते. मार्चमध्ये सूर्य पूर्वेलाच असल्याने ती कड फक्त १ ते २ मीटर सरकते. म्हणजे भिंतीच्या ज्या भागाला डिसेंबरात ऊन मिळतं, त्याला मार्चमध्ये मिळतंच. तपासायचा तो डिसेंबरच. गडग्यावर २० मीटरला चुन्याची खूण केली. त्या खुणेच्या उत्तरेला असलेल्या खिडकीत सड्यावर सूर्य आला की लगेच ऊन.

दुसरा पर्याय होता, घर आहे तसंच ठेवून ६ मीटर पश्चिमेला, रस्त्याकडे सरकवायचं. तिथे आढं अडवतं, पण लांबून, आणि ऊन ८:४३ ला मिळतं. तेही वाईट नाही. पण ९ मीटर रुंदीचं घर तिथे बसवलं की रस्त्याच्या बाजूला दोनच मीटर उरतात. त्या बाजूचं सामासिक अंतर राहत नाही, पडवीलाही जागा उरत नाही. तो पर्याय तिथेच सोडला.

२२ डिसेंबरची सकाळ

तोपर्यंत मोजणी होऊन हद्दीच्या खुणा पडल्या होत्या. आमच्या टेपमध्ये आणि मोजणीत पूर्व हद्दीवर २० सेंटिमीटरचा फरक निघाला, तो गणितात नगण्य. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळायला आणखी तीन आठवडे गेले. त्या नकाशावरचा उत्तरेचा बाण आमच्या रेघेपेक्षा दोनेक अंश वेगळा होता. आर्किटेक्टला आमची रेघ दोन हद्दखुणांच्या संदर्भाने लिहून दिली, म्हणजे पुढे कुणाला शंकू पुन्हा रोवायला नको.

२२ डिसेंबरला, रविवारी, साडेसातलाच प्लॉटवर गेलो. दीड मीटर उंचीच्या दोन काठ्या रोवल्या, एक ७ मीटरच्या जागी, एक २१ मीटरच्या. दोन्ही पूर्व भिंतीच्या रेषेवर. हवेत गारवा, सड्यावर धुक्याची पातळ रेघ, आकाश मोकळं. आठ वाजून गेले तरी प्लॉटवर निळसर सावली होती आणि खालच्या वाडीतल्या माडांच्या शेंड्यांवर मात्र केव्हाच ऊन आलं होतं. सड्याची सावली त्यांच्यावरून उतरत आमच्याकडे येताना दिसत होती.

२१ मीटरच्या काठीच्या टोकावर ऊन आलं ८:२५ ला. गणितापेक्षा पाच मिनिटं उशिरा. सड्यावरची काजूची झाडं त्या दिशेला कडेच्या अंशभर वर आहेत, आणि अंशभर म्हणजे पाच मिनिटं. कोनमापकातून बघताना आम्ही दगडी कड धरली होती, झाडं नाही. तुम्ही झाडांचा शेंडा धरा. शिवाय सूर्याचं बिंब कडेवर पूर्ण यायला अडीच मिनिटं लागतात, तेव्हा तेवढ्या फरकाने बिचकू नका. ७ मीटरच्या काठीच्या टोकावर ऊन यायला ९:५३ झाले.

आकडे जुळले तेव्हा आनंद झाला, हे लिहायला हरकत नाही. पण आधीच्या आराखड्याने घर बांधून झाल्यावर ही सकाळ पाहिली असती तर, हा विचारही मनातून गेला.

बदललेला नकाशा

जानेवारीत नकाशा पुन्हा काढून घेतला. आर्किटेक्टनी त्याचे ३,००० रुपये घेतले. घर उत्तरेकडे ७ मीटर सरकलं: आधी दक्षिण हद्दीपासून ५ ते १६ मीटर होतं, आता १२ ते २३. स्वयंपाकघर ईशान्य कोपऱ्यात आलं, खिडकी २०.५ ते २२ मीटरमध्ये. घरच्यांना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं होतं आणि त्यावर दोन रविवार चर्चा झाली. शेवटी दोन्ही काठ्यांचे फोटो, एकाच वेळी काढलेले, समोर ठेवले. दक्षिणेला मोकळं राहिलेलं अंगण वाळवणाला आहे. आमसुलं नि पापड वाळायला साडेदहानंतरचं ऊनच कामाचं, तेव्हा तिथे सकाळी सावली असली तरी चालते. शोषखड्डा मात्र उत्तरेकडून दक्षिणेला न्यावा लागला.

ईशान्येच्या खिडकीला एक तोटा आहे, तोही मोजला. मेच्या मध्यात सूर्य पूर्वेच्या उत्तरेला सरकलेला असतो. सकाळी ९ ला दिगंश ७९, उन्नतांश साडेएकोणचाळीस. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तर आमच्याकडे माध्यान्हीला शंकूची सावलीच पडत नाही. ६० सेंटिमीटरचा छज्जा त्या वेळी खिडकीवर ५० सेंटिमीटर सावली पाडतो, तर डिसेंबरात ९ ला फक्त ३३. म्हणजे मेमधली तिरीप थोडी अडते आणि थंडीतलं ऊन बरंचसं आत येतं. छज्जा ९० चा करावा असं मिस्त्रींचं म्हणणं होतं, पावसाच्या झडीसाठी. त्याने डिसेंबरात ५० सेंटिमीटर सावली पडली असती. तडजोड म्हणून छज्जा ६० चाच ठेवून खिडकी २० सेंटिमीटर खाली घेतली आणि झडीसाठी पत्र्याची उघडमिटीची झडप ठेवली.

२१ मार्च २०२५ ला पुन्हा काठी रोवून पाहिलं. ७:२० अपेक्षित होते, ऊन आलं ७:२२ ला. त्यानंतरच नकाशा ग्रामपंचायतीमार्फत पुढे पाठवला.

एक गोष्ट आमच्या हातात नाही. नव्या खिडकीच्या आग्नेयेला, शेजाऱ्यांच्या घराच्या उत्तरेची त्यांची परसबाग येते. तिथे उद्या खोली वाढवली तर हे सगळं ऊन जाईल. काकांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, "खोली नाय काढणार, पण झाडं लावीन." मग झाडांचंही गणित केलं. खिडकीपासून १२ मीटरवर माड असेल आणि त्याच्या झावळ्या उंबऱ्यापासून ८ मीटर उंचीवर सुरू होत असतील, तर त्या जवळजवळ ३४ अंशांवर दिसतात. डिसेंबरात सूर्य तिथवर चढायला दहा वाजायला येतात. म्हणजे सकाळचं ऊन झावळ्यांच्या खालून, खोडांमधून सरळ येतं. त्याच जागी हापूसचं कलम लावलं तर त्याचा पसारा खालपासून ५-६ मीटरपर्यंत भरलेला असतो, आणि तो नऊपर्यंतचं ऊन सहज अडवतो. काकांनी कलमं पलीकडच्या बाजूला लावायचं कबूल केलं आणि जूनमध्ये परसबागेत बाणवलीचे दोन माड लावले. माड वाढून झावळ्या खोडावर वर जाईपर्यंत मधली काही वर्षं त्या झावळ्या खिडकीच्या उंचीवरच असतील, तेव्हा रोपं खिडकीपासून १२१ ते १३४ अंशांच्या दिशेला येणाऱ्या पट्ट्याबाहेर, दोन मीटर उत्तरेला सरकवून लावली आहेत.